गावभेटीच्या टिपणांवरून अहवाल : लिहायला बसण्यापूर्वीची तयारी

उदाहरण गावच्या नळयोजनेच्या पाहणीचं घेऊ. मंदिरासमोर तासभर चर्चा झाली, ती फोनवर रेकॉर्ड केली. वहीत चार पानं टिपणं आहेत, दोन ठिकाणी बादली लावून नळाची धार मोजली आहे, आणि हे सगळं पंचायत समितीला देण्याजोग्या अहवालात बसवायचं आहे.

पहिलं काम त्याच रात्री करा, रेकॉर्डिंग ऐकण्याच्याही आधी. वहीतली तुटक टिपणं पूर्ण वाक्यांत लिहून काढा. ‘व. आ. – मोटर – २-३ दि.’ याचा अर्थ आज कळतो. आठवड्याने ते मोटर बंद पडल्याचं टिपण होतं की मोटर लावून पाणी ओढल्याचं, हेच सांगता येत नाही. लोकांनी हात करून दाखवलेल्या जागाही याच वेळी लिहा. रेकॉर्डिंगमध्ये ‘तिथून पुढं पाणी चढत नाही’ एवढंच ऐकू येतं. ‘तिथून’ म्हणजे शाळेजवळच्या व्हॉल्व्हपासून, हे फक्त वही सांगू शकते. वाड्या, आळ्या, टाकी आणि व्हॉल्व्ह दाखवणारा कच्चा नकाशा काढून ठेवा. ऑडिओची एक प्रत दुसरीकडे ठेवा आणि फाइलच्या नावात गाव व तारीख घाला.

मग ऐकायला बसा. तासभराची चर्चा शब्दशः उतरवायला चार ते सहा तास लागतात, कारण सगळे एकदम बोलतात. सगळं उतरवायला वेळ नसेल, तर दर पाच मिनिटांना विषय लिहा आणि महत्त्वाचं वाक्य मिनिट-सेकंदासह उतरवा. ही वेळेची खूण कधीही टाळू नका. अहवालातल्या एखाद्या वाक्यावर कोणी बोट ठेवलं, तर ते वाक्य अर्ध्या मिनिटात काढून ऐकवता आलं पाहिजे. फोनजवळ बसलेल्या माणसाचा आवाज मोठा येतो आणि त्याचंच म्हणणं गावाचं म्हणणं वाटू लागतं. म्हणून प्रत्येक मुद्दा किती वेगवेगळ्या आवाजांनी मांडला, ते मोजा. ‘सर्व ग्रामस्थांचे मत’ असं लिहिण्याचा मोह होतो, पण चर्चेला बावीस जण असतील आणि बोलले पाच, तर पाचच लिहा. उरलेले गप्प होते, याचा अर्थ ते सहमत होते असा होत नाही.

उतरवलेल्या प्रत्येक वाक्यापुढे त्याचा प्रकार लिहा: आपण पाहिलं-मोजलं, बोलणाऱ्याने स्वतःचा अनुभव सांगितला, त्याने दुसऱ्याकडून ऐकलेलं सांगितलं, की ते त्याचं मत आहे. अहवालातली बहुतेक भांडणं या चौघांची सरमिसळ झाल्याने होतात. ‘निदर्शनास आले’ हे शब्द फक्त पहिल्या प्रकारासाठी राखून ठेवा. ‘असे सांगण्यात आले’ यात कोणी सांगितलं हेच गायब होतं. ‘वरच्या आळीतील चार महिलांनी सांगितले’ असं लिहा.

एक वाक्य शेवटपर्यंत नेऊन पाहू. चर्चेतलं वरच्या आळीतल्या एका महिलेचं बोलणं असं: ‘आमच्याकडं पानी येतच न्हाई, खालचे मोटर लावून वढत्यात, आन् पानीवाल्याला सांगून काय उपेग न्हाई.’ यात तीन वेगळे मुद्दे आहेत आणि तिघांची जागा वेगळी आहे. पाणी ‘येतच नाही’ याला मोजमाप आहे: वरच्या आळीत १५ लिटरची बादली भरायला दीड मिनिट लागलं, खालच्या आळीत ४० सेकंद. म्हणजे मिनिटाला १० लिटर आणि साडेबावीस लिटर. दोन्हीकडे एक दिवसाआड अर्धा तास पाणी सुटतं असं लोक म्हणतात. तेव्हा सहा माणसांच्या घराला दोन दिवसांत वर ३०० लिटर मिळतं, खाली ६७५. माणशी दिवसाला वर २५ लिटर, खाली सुमारे ५६. जल जीवन मिशनचा निकष ५५ लिटरचा आहे. आता ‘पाणी येतच नाही’ असं लिहायची गरज उरत नाही. ‘निकषाच्या निम्म्याहून कमी’ हे त्याहून जड वाक्य आहे आणि ते खोडता येत नाही. मात्र त्याच परिच्छेदात मर्यादाही लिहा: धार प्रत्येक आळीत एकाच घरी, एकदाच मोजली, अर्धा तास ही वेळ लोकांनी सांगितलेली आहे, घड्याळ लावून पाहिलेली नाही.

मोटर लावून ओढण्याचा मुद्दा ग्रामस्थांच्या म्हणण्यात जाईल. भेटीच्या वेळी नळाला जोडलेली मोटर दिसली नसेल, तर तेही लागूनच लिहा. वर धार कमी असण्याला चढ, अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह किंवा मोटर यांपैकी काहीही कारणीभूत असू शकतं, म्हणून कारण निष्कर्षात ठोकून देऊ नका. शिफारशीत तपासणी सुचवा. तिसरा मुद्दा नाजूक आहे. गावात पाणी सोडणारा माणूस एकच असतो, त्यामुळे नाव गाळून हुद्दा लिहिला तरी बोट त्याच्याचकडे जातं. त्याची बाजू ऐकलेली नसेल तर फोन करून घ्या, आणि लिहिताना माणसाऐवजी व्यवस्थेवर लिहा: ‘तक्रारींची व पाणी सोडण्याच्या वेळांची नोंदवही उपलब्ध नव्हती.’ बोलणाऱ्या महिलेची ओळखही अशीच सांभाळा. आठ घरांच्या आळीत ‘अंगणवाडीजवळ राहणारी विधवा’ म्हणजे नाव छापल्यासारखंच आहे.

काळाचे शब्द तारखांत बदला. ‘परवा’, ‘गेल्या आठवड्यात’, ‘पाडव्याच्या सुमाराला’ हे महिन्याभराने निरुपयोगी होतात. ‘दोन दिवसाआड’ आणि ‘दोन दिवसांतून एकदा’ यांत एका दिवसाचा फरक आहे. तो चुकला तर वरचे २५ लिटर १७ वर येतात. शंका असेल तर ‘शेवटचं पाणी कोणत्या वारी आलं, त्याआधी कोणत्या?’ असं विचारून घ्या.

मथळे आधीच लिहून ठेवा: भेटीचा तपशील, माहिती घेण्याची पद्धत, निरीक्षणे व मोजमाप, ग्रामस्थांचे म्हणणे, संबंधितांची बाजू, निष्कर्ष, शिफारशी. मथळ्यात निकाल नको. ‘वरच्या आळीवरील अन्याय’ याऐवजी ‘आळीनिहाय पाणीपुरवठा’. मजकूर झाल्यावर एक फेरी फक्त शब्दांसाठी मारा. ‘तब्बल’, ‘चक्क’, ‘बिचाऱ्या’, ‘हलगर्जीपणा’ हे सहज सापडतात. क्रियापदं जास्त फसवी असतात: ‘दावा केला’ म्हटलं की बोलणारा खोटा वाटतो, ‘कबूल केले’ म्हटलं की गुन्हेगार. दोन्हीकडे ‘सांगितले’ चालतं. भाषा तटस्थ करायची म्हणून लोकांचं बोलणं मात्र पुसून टाकू नका. दोन-तीन वाक्यं अवतरणात, जशी बोलली तशीच राहू द्या. ‘वढत्यात’ला ‘ओढतात’ करू नका.

कच्चा मसुदा गावात वाचून दाखवायची वेळ आधीच ठरवून घ्या. तिथे कोणी आपलं म्हणणं बदललं, तर जुनं खोडू नका. नवं म्हणणं तारखेसह त्याखाली लिहा.