०.७८ : कुळथाच्या एका दाण्याचं वय

सांगलीत एम.एस्सी. करताना कार्बन-१४ चं गणित मी पाच गुणांसाठी शिकलो होतो. "एका लाकडी नमुन्यात मूळच्या ७८ टक्के कार्बन-१४ शिल्लक आहे. अर्धायुष्य ५७३० वर्षं. वय काढा." सूत्रात आकडे टाकायचे, २०५४ वर्षं असं उत्तर काढून खाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळायचं. पुढे एका कार्बन-१४ प्रयोगशाळेत प्रकल्प सहायक म्हणून लागलो आणि योगायोगाने हाच ०.७८ हा आकडा माझ्या स्वतःच्या नमुन्याचा आला. तेव्हा कळलं की त्या दोन रेघांच्या वर बरंच काही लिहायचं राहून गेलंय आणि खालीही. या कामाकडे वळू पाहणाऱ्यांसाठी त्या एका नमुन्याची हकीकत सांगतो.

नमुना वाळवा तालुक्यातला, माझ्या मामाच्या रानातला. कृष्णाकाठची काळी जमीन. विहीर खोदताना चौदा फुटांवर राखेचा हातभर जाड थर लागला. त्यात खापरांचे तुकडे, अंगठ्याएवढे कोळसे आणि जळून काळे पडलेले कुळथाचे दाणे होते. मामाने फोन केला तो खापरांसाठी. मी गेलो आणि कोळशावरच बसलो. "कोळशाला कुठलं आलंय वय? जळला की संपला," मामा म्हणाला. गंमत अशी की हे वाक्य जवळजवळ बरोबर आहे. फक्त तो संपतो जळल्यावर नव्हे, त्याच्या आधी.

झाड जिवंत असेपर्यंत हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत राहतं. त्या कार्बनमध्ये दर लाख कोटी अणूंमागे साधारण एक अणू कार्बन-१४ चा असतो. देवाणघेवाण थांबली की नवीन भरणा बंद होतो आणि आहे तो कार्बन-१४ क्षय पावत जातो. प्रश्न एवढाच की देवाणघेवाण थांबली कधी? सागाच्या खोडात आतलं वर्तुळ ज्या वर्षी तयार झालं, त्याच वर्षी त्याचं घड्याळ सुरू होतं. वरचं झाड पुढे दोनशे वर्षं हिरवंगार असलं तरी गाभ्याला त्याचा पत्ता नसतो. कुळथाचा दाणा मात्र एका हंगामाचा. पेरला, काढला, चुलीपाशी सांडला, जळला.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी पहिल्यांदा मी सगळ्यात मोठा कोळसाच उचलला. मोठा म्हणजे चांगला, असं हाताला वाटतं. आणखी एक पराक्रम केला: सगळा ऐवज मेडिकलमधून आणलेल्या कापसात गुंडाळून नेला. प्रयोगशाळेतल्या मॅडमनी पुडी उघडली आणि माझ्याकडे पाहिलं. "कापूस कशाचा बनतो रे?" सेल्युलोज. म्हणजे कार्बन, आणि तोही गेल्या वर्षीचा. एकेक धागा चिमट्याने काढायला मला अख्खी दुपार लागली. नमुना अल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळायचा आणि वर प्लास्टिकची पिशवी चढवायची. कागद नको, कापूस नको, आणि खापर चिकटवायचा डिंक तर नकोच नको.

मग धुलाई. ती तीन पाण्यांची असते: आम्ल, अल्कली, पुन्हा आम्ल. आधी कोमट हायड्रोक्लोरिक आम्ल. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, ते इथे बुडबुडे काढत विरघळतात. बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं. मग सोडियम हायड्रॉक्साइड. मातीतली कुजकट आम्लं त्यात उतरतात आणि द्रावण कोऱ्या चहासारखं होतं. ते ओतून नवीन घालायचं, रंग उतरेपर्यंत. माझ्या कोळशाला सहा वेळा लागलं. शेवटी पुन्हा आम्ल, कारण अल्कली उघड्यावर राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, आणि तो आजचा असतो. नवखे लोक हे शेवटचं आम्ल उरकून टाकतात. द्रावण स्वच्छ दिसतं, म्हणून वाटतं झालं.

धुऊन वाळवलेला नमुना कॉपर ऑक्साइडबरोबर नळीत बंद करून जाळतात. निघालेल्या वायूपासून लोखंडाच्या भुकटीवर ग्राफाइट जमवतात आणि ते त्वरक यंत्रात जातं. यंत्र कार्बन-१४ चे अणू थेट मोजतं, त्यामुळे एक मिलिग्रॅम कार्बन पुरतो. पूर्वी क्षयाचे ठोके मोजायचे, तेव्हा कित्येक ग्रॅम लागायचा. कुळथाच्या एका दाण्याचं वय निघू शकतं ते यामुळेच.

मूळच्या कार्बन-१४ पैकी किती वाटा शिल्लक आहे, याचे दोन निकाल आले. कोळसा ०.७५८, दाणा ०.७८०. दोन्हींत कमीजास्त ०.००३. थर एकच.

आता गणित. प्रयोगशाळा वय काढताना ५७३० वापरत नाही. विलार्ड लिबी यांनी ही पद्धत उभी केली तेव्हाचं अर्धायुष्य ५५६८ वर्षं होतं. पुढे ते ५७३० असं सुधारलं गेलं, पण तोवर हजारो वयं जुन्या आकड्याने छापून झाली होती. सगळा गोंधळ नको म्हणून जुनाच आकडा ठरावाने कायम ठेवला. ५५६८ ला २ च्या नैसर्गिक लॉगने, म्हणजे ०.६९३१ ने भागलं की ८०३३ येतात. F म्हणजे शिल्लक वाटा, t म्हणजे वय:

```
t = -8033 × ln(F)
F = 0.780  →  t = 1996
F = 0.758  →  t = 2226
```

पुस्तकी पद्धतीने दाण्याचं वय २०५४ येतं, इथे १९९६. माझ्या पहिल्या अहवालात मी एका रकान्यात हे आणि दुसऱ्यात ते लिहून ठेवलं होतं, कारण एक आकडा मी स्वतः काढला होता आणि एक यंत्राच्या कागदावरून उतरवला होता. ५८ वर्षांचा फरक पाहून दोन दिवस मी नमुन्यात दोष शोधत बसलो. दोष माझ्या कॅल्क्युलेटरमध्ये होता. ओळखायची खूण सोपी: दोन वयांचं गुणोत्तर १.०३ च्या जवळ आलं की अर्धायुष्यांची सरमिसळ झाली आहे असं समजा.

हे १९९६ सुद्धा कॅलेंडरचं वर्ष नाही. ते मोजतात १९५० पासून मागे, आणि हवेतला कार्बन-१४ कायम तेवढाच होता असं गृहीत धरून. तो तेवढाच नव्हता. सूर्याच्या आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या चढउताराने तो वरखाली होत आलाय. म्हणून ज्यांची वर्तुळं एकेक करून मोजली आहेत अशा झाडांच्या लाकडावरून तयार केलेल्या वक्राशी आपलं वय ताडून पाहावं लागतं. उत्तर गोधडीसारखं पसरट मिळतं: दाण्यासाठी साधारण इ.स.पू. ५० ते इ.स. ८०. सातवाहनांचा काळ. कोळसा मात्र त्याच वक्रावर इ.स.पू. चौथ्या-तिसऱ्या शतकात जाऊन बसला.

चुकलं कोण? दोन्ही मोजमापं बरोबर होती. पुढे कोळशाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर तो सागाच्या गाभ्याचा निघाला, सालीचा मागमूस नाही. कुणीतरी जुनी तुळई सरपणाला घातली असावी. आग पेटली ते साल दाण्याने सांगितलं, सागाचं आतलं वर्तुळ वाढलं ते साल कोळशाने. थराचं वय हवं असेल तर दाणा, बारीक काटकी, कोंडा यांतलं काहीतरी घ्या. मोठा कोळसा दिसायला कितीही देखणा असो, तो खिशात ठेवा.

दाणा ज्वारीचा असता तर आणखी एक भानगड होती. ज्वारी, बाजरी, ऊस यांची कार्बन घेण्याची तऱ्हा वेगळी. ती जड कार्बन थोडा जास्त उचलतात. कार्बन-१३ मोजून ही दुरुस्ती केली नाही, तर ज्वारीचा दाणा जवळजवळ दोनशे वर्षांनी तरुण दिसतो. निकालाच्या कागदावर ती दुरुस्ती केल्याचं लिहिलंय का, एवढं आपल्याकडच्या माणसाने तरी न विसरता पाहावं.

आता त्या कापसाकडे परत येतो, कारण त्यानंतर मी हिशेब करून पाहिला. समजा माझ्या दाण्यात एक टक्का आजचा कार्बन राहिला असता, तर वय सुमारे २३ वर्षांनी कमी दिसलं असतं. म्हणजे मोजमापाच्या कमीजास्त मर्यादेतच. पण खरा चाळीस हजार वर्षांचा नमुना घ्या. त्यात मूळचा कार्बन-१४ उरतो ०.७ टक्क्यांच्या आसपास, आणि माझा कापूस त्यात एक टक्का घालणार. नमुन्यापेक्षा घाण जास्त! त्याचं वय ३३ हजारांच्या खाली येतं. आणि घाण उलटी, म्हणजे दगडी कोळसा, डांबर किंवा जुनी चुनखडी असेल, तर एक टक्क्याने कुठल्याही वयाच्या नमुन्यात सारखीच, सुमारे ८० वर्षांची भर पडते. यासाठी प्रत्येक खेपेला ज्यात कार्बन-१४ मुळीच नाही असा पदार्थ, समजा दगडी कोळसा, नमुन्यासोबत त्याच पाण्यांतून काढतात. त्यात मोजलेला कार्बन-१४ शून्याच्या जवळ आला नाही की समजायचं, आपल्याच हातून काहीतरी मिसळतंय. पन्नास हजार वर्षांपलीकडे तर उरलेलं आणि मिसळलेलं वेगळं करताच येत नाही. त्यामुळे "सह्याद्रीच्या कातळाचं वय कार्बनने काढता येईल का?" हा प्रश्न कुणी विचारला तर उत्तर सरळ आहे: तो बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या घरातला, आणि त्यात जिवंत काही नव्हतंच.

निकाल घेऊन मामाकडे गेलो. त्याने विचारलं, "म्हणजे आपली विहीर दोन हजार वर्षांची?" विहीर गेल्या उन्हाळ्यातली, दाणा दोन हजार वर्षांचा. थर अबाधित होता का, हे दाणा सांगत नाही. काळी जमीन उन्हाळ्यात मनगटभर भेगाळते आणि वरचं खाली पडतं. म्हणून त्याच राखेतले आणखी दोन दाणे वेगवेगळ्या टोकांहून उचलून पाठवले. तिन्ही वयं एकमेकांच्या तीस-चाळीस वर्षांत आली, तेव्हाच मी मामाला "सातवाहन" हा शब्द उच्चारला.

मामाच्या ओट्यावर बसलेल्या हरिपूरच्या पाहुण्यांनी लगेच काम सांगितलं. त्यांच्या हळदीच्या पेवाच्या तळाशी जुना भुसा सापडला होता. पेव आजोबांच्या आधीचं की पणजोबांच्या, यावरून भावकीत वाद. पण १६५० ते १९५० या काळात तो वक्र इतका वरखाली होतो की एकाच मोजमापाला तीन-चार वेगवेगळी दशकं जुळतात. भुसा पाठवला असता तर निकाल आला असता, "शिवाजी महाराजांपासून स्वातंत्र्यापर्यंत कधीही". मी त्यांना मोडी वाचणारा माणूस गाठून घरातली खरेदीखतं काढायला सांगितलं.