मांडीवरचा पाट आणि साडीचा फॉल

खुब्याच्या ऑपरेशननंतर पायाचं मशीन बंद झालं. बेळगावात वडगाव, शहापूरकडे साड्यांना तोटा नाही, म्हणून ओळखीच्या दुकानातून फॉल लावायचं काम घरी आणलं. याला पाय लागत नाही. पूर्ण फॉल हातानंच लावता येतो.

पलंगावर बसून लावलेल्या फॉलला मात्र चुण्या पडायच्या. कारण साडीचं ओझं. पलंगावरून लोंबणारी साडी काठाला खाली ओढते, काठ ताणलेला असताना टाके पडतात, आणि साडी मोकळी केली की काठ आकसतो, फॉल ढिला पडतो. रेशमी साडीत हे जास्तच.

मग मांडीवर उशी, उशीवर पोळपाटापेक्षा मोठा सपाट पाट, आणि शेजारी त्याच उंचीच्या स्टुलावर घडी घातलेली साडी असं मांडलं. सुती फॉल आधी पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेते, नाहीतर पहिल्याच धुण्यात तो आटतो. खोचायच्या टोकाकडून वीतभर जागा सोडून साडीच्या उलट्या बाजूला, काठाला लागून फॉल पसरते. आधी मधोमध टाचणी, मग दोन्हीकडे. खालच्या कडेला धावदोरा, वरच्या कडेला एकपदरी दोऱ्यानं हेम, काठाचे एक-दोनच धागे उचलून.

तपासायला काठ सपाट धरायचा: काठ लहरला तर फॉल घट्ट, फॉल फुगला तर ढिला. तेवढाच भाग उसवते.

जरीचा जाड काठ मी घेत नाही, बोटं दुखतात. अर्ध्या तासानं उठणं डॉक्टरांनी सांगितलंय, त्यामुळे लग्नसराईतली घाईची कामंही नाहीत. दुकानदार काका कुरकुरतात, पण साड्या पाठवतात.