केबल ब्रॉडबँड रांगतंय? राउटर बदलण्याआधी या चुका टाळा

केबलवरचं नेट मंदावलं की पुण्यातली माणसं ठरलेल्या क्रमाने वागतात. आधी राउटर बंद-चालू करायचा, मग कंपनीला फोन लावून भांडायचं, आणि तरीही जमलं नाही तर तपकीर गल्लीतून नवा राउटर आणायचा. खिडकीतून आत येणारी काळी केबल वर्षानुवर्षं कुणी उचलूनही बघत नाही. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा त्या केबलवर, तिच्या जोडात नाहीतर टीव्हीमागच्या धुळीतल्या स्प्लिटरमध्ये सापडतं. ज्यांच्या घरी फायबर आलंय त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. ज्यांच्या मोडेमला अजून स्क्रूची गोल पिन लागते, त्यांच्यासाठी हे आहे.

आकडे न बघता तक्रार करणं

‘स्लो आहे’ या तक्रारीवरून कुणालाच काही कळत नाही. वायफाय बाजूला ठेवा, लॅपटॉप लॅन केबलने मोडेमला जोडा आणि ब्राउझरमध्ये `192.168.100.1` टाका. बऱ्याच केबल मोडेमचं स्टेटस पान इथे उघडतं. काही कंपन्या ते बंद ठेवतात. तसं असेल तर माणूस घरी येईल तेव्हा त्याच्याकडून आकडे मागून घ्या.

त्या पानावर तीनच गोष्टी बघा. डाउनस्ट्रीम पॉवर, म्हणजे कंपनीकडून येणाऱ्या सिग्नलचा जोर, शून्याच्या आसपास, म्हणजे उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या दरम्यान असली की मी निश्चिंत असतो. एसएनआर, म्हणजे नॉइजच्या तुलनेत सिग्नल किती ठळक आहे ते, ३३ डीबीच्या वर हवा. तिसरा आकडा अपस्ट्रीम पॉवरचा, म्हणजे मोडेमकडून कंपनीकडे जाणाऱ्या सिग्नलचा, आणि इथे लोक हमखास उलटं समजतात. हा आकडा मोठा असणं वाईट. तुमचा आवाज कंपनीपर्यंत पोचत नसला की मोडेम अधिकाधिक जोराने ओरडतो, त्या ओरडण्याचा हा आकडा. ४० ते ४७ छान. ५० च्या वर गेला की मोडेमकडे फारसा जोर उरलेला नसतो, आणि लाईन आणखी थोडी बिघडली की तो तुटतो. मग लॉगमध्ये ही ओळ दिसू लागते:

```
No Ranging Response received - T3 time-out
```

अशी एखादी ओळ कधीतरी येतेच. रोज दहा-वीस येत असतील तर केबल तपासायला घ्या.

स्प्लिटरवर स्प्लिटर

ही माझी सगळ्यात लाडकी चीड आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

स्प्लिटर सिग्नल फुकट वाटत नाही. टू-वे स्प्लिटर प्रत्येक तोंडाला साधारण साडेतीन डीबी खातो आणि फोर-वे सात. एकामागे एक लावले की हे आकडे बेरजेने वाढतात. आणि घरात येणारा सिग्नल जेवढा कमी होतो तेवढाच बाहेर जाणाराही होतो, कारण वाट एकच आहे.

कर्वेनगरच्या एका जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरचं घर. काकांचं म्हणणं, “अहो, शंभरचा प्लॅन आहे, मिळतंय आठ. आणि दुपारी तर बंदच पडतं. तुमचे लोक येतात, मोडेम बदलतात, चहा पितात आणि जातात.” मी कंपनीचा माणूस नाही हे सांगून झालं, पण तो मुद्दा त्यांनी शेवटपर्यंत मान्य केला नाही.

पान उघडलं. डाउनस्ट्रीम उणे १३, एसएनआर ३१, अपस्ट्रीम ५२. केबलचा माग काढत गेलो तर हॉलच्या माळ्यावर फोर-वे स्प्लिटर. कधीकाळी घरात तीन टीव्ही होते तेव्हाचा. त्याच्या दोन तोंडांवरच्या केबली बेडरूममध्ये जाऊन नुसत्या लोंबत होत्या. एका तोंडाची केबल टीव्हीमागे येऊन पुन्हा एका टू-वेमध्ये शिरली होती, आणि तिथून मोडेम. म्हणजे सात आणि साडेतीन, साडेदहा डीबी मोडेमपर्यंत पोचायच्या आधीच गेले.

दोन्ही काढले. केबल घरात शिरते तिथेच एक चांगला टू-वे लावला, एक तोंड थेट मोडेमला, दुसरं टीव्हीला. सात डीबी वाचले: डाउनस्ट्रीम उणे ६, अपस्ट्रीम ४५, एसएनआर ३५. स्पीड नव्वदच्या पुढे. काका खूश, आणि साधारण इथेच घाईची माणसं पिशवी उचलून निघतात.

मी मात्र पान उघडं ठेवून बसतो. त्यावर `Uncorrectables` नावाचा एक रकाना असतो, म्हणजे दुरुस्त न करता आलेल्या चुकांची मोजदाद. ती थांबायला हवी होती, पण मधूनच उडी मारत होती. शिवाय ‘दुपारी बंद पडतं’ याचं उत्तर स्प्लिटरने दिलं नव्हतं. स्प्लिटर दुपारी जास्त आणि रात्री कमी खात नाही.

केबल बाल्कनीच्या सरकत्या खिडकीच्या कोपऱ्यातून आत आली होती. काकूंना विचारलं, दुपारी ही खिडकी बंद करता का? “करते ना, ऊन येतं सगळं सोफ्यावर.” त्यांना खिडकी हळूहळू लावायला सांगितली आणि मी पडद्याकडे बघत राहिलो. पल्ला केबलवर टेकला, एसएनआर २८ वर आला आणि चुकांचा आकडा धावायला लागला. खिडकी उघडली की पुन्हा सगळं शांत.

तो तुकडा कापून बघितला. गोल केबल चपटी झाली होती, आतला पांढरा फोम दबलेला, जाळीच्या तारा तुटलेल्या. कोअॅक्सियल केबलमध्ये मधली तार आणि जाळी यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं असावं लागतं; चेपलेल्या जागी सिग्नलचा काही भाग उलटा फिरतो. तुटक्या जाळीतून बाहेरचा नॉइज आत येतो तो वेगळाच. मधे जोड मारून दिला असता तर काम लवकर उरकलं असतं. मी मारत नाही. डक्टमधल्या टॅपपासून, म्हणजे मुख्य लाईनमधून घरोघरी जोडणी देणाऱ्या डबीपासून, घरापर्यंत नवी आरजी-६ केबल ओढली आणि खिडकीऐवजी चौकटीशेजारी भोक पाडून आत घेतली.

हाताने पिळलेले कनेक्टर आणि काळी टेप

स्क्रूसारखे पिळून बसवायचे कनेक्टर मिळतात. स्वस्त असतात, हत्यार लागत नाही, आणि आज छान चालतात. एक पावसाळा जाऊ द्या. दाबून बसणारा कंप्रेशन कनेक्टर आणि त्याचं हत्यार यांवर ज्याला खर्च करायचा नाही त्याने केबलला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी पद्धत अशी. टोकाची मधली तार साधारण ६ मिलिमीटर उघडी करायची, त्यामागे आणखी ६ मिलिमीटर फक्त वरचं आवरण काढायचं. जाळी मागे दुमडायची. फोमला चिकटलेला चंदेरी पत्रा तसाच ठेवायचा. मधल्या तारेला ब्लेड लागू द्यायचं नाही, कारण ती आतून पोलादाची असते आणि वर तांब्याचा पातळ थर असतो. तो खरवडला की तिथे गंज धरतो. कनेक्टर इतका आत ढकलायचा की पांढरा फोम आतल्या तळाशी सपाट दिसेल आणि मधली तार नटाच्या कडेबाहेर दोन-तीन मिलिमीटर येईल. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट. हे भिंगातून बघायची मला सवय आहे, लोक हसतात, हसू देत.

मग घट्ट करणं. नुसतं बोटांनी फिरवून सोडलेले जोड पंख्याच्या वाऱ्याने, झाडूच्या धक्क्याने सैल होतात. स्प्लिटरवर बोटांनी पूर्ण बसवा आणि ११ नंबरच्या पान्ह्याने आणखी पाव फेरा द्या. मोडेमवर मात्र जोर लावू नका, आतला सर्किट बोर्ड तडकतो.

सैल जोडाचा त्रास मुख्यतः वर जाणाऱ्या सिग्नलला होतो. मोडेम कंपनीकडे ५ ते ४२, काही ठिकाणी ६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो, आणि मिक्सर, ड्रिल, हलक्या एलईडी दिव्यांची सर्किटं यांचा कचराही नेमका त्याच खालच्या पट्ट्यात असतो. उघड्या जोडातून तो आत शिरतो आणि वर जातो. एका नोडवरच्या, म्हणजे कंपनीच्या एकाच पेटीला जोडलेल्या, सगळ्या घरांचा नॉइज वर एकत्र होतो, म्हणून तुमच्या सैल पिनेमुळे शेजारच्या इमारतीची मीटिंग तुटते. तुम्हाला स्वतःला ते दिसतही नाही, कारण अपस्ट्रीमचा एसएनआर कंपनीकडच्या यंत्रावर मोजला जातो.

डाउनस्ट्रीम ठीक पण अपस्ट्रीम चढलेला, असं दिसलं की मी आधी जोड बघतो: मधली तार नीट टेकत नसेल तर खालच्या फ्रिक्वेन्सीला पहिला फटका बसतो. उलट वरच्या फ्रिक्वेन्सीचे चॅनल कमजोर आणि खालचे बरे असतील तर केबलमध्ये पाणी शिरल्याचा किंवा गच्चीवरून जुनी आरजी-५९ केबल लांबवर ओढल्याचा संशय घ्यायचा.

पाण्यावरून आठवलं. गच्चीवरच्या जोडाला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून लोक निर्धास्त होतात. जूनमध्ये ती पाणी अडवत नाही, आत आलेलं धरून ठेवते. ते पाणी जाळीतून वातीसारखं पुढे सरकतं. जाळी काळी पडली असेल किंवा पांढरी भुकटी दिसली तर स्वच्छ, चकचकीत जाळी लागेपर्यंत मागे कापत जा. बाहेर जोड ठेवायचाच असेल तर स्वतःला चिकटणारी रबरी टेप वापरा, आणि केबल घरात शिरण्याआधी खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल.

उरलेल्या चुका

वापरात नसलेलं स्प्लिटरचं तोंड उघडं ठेवू नका. ७५ ओहमचा टर्मिनेटर लावा.

स्प्लिटरवर ५ ते १००० मेगाहर्ट्झ छापलेलं हवं. डिशचा ९५० पासून सुरू होणारा इथे चालत नाही.

टीव्हीचा बूस्टर मोडेमच्या वाटेत लावू नका. बहुतेक बूस्टर वर जाणारा सिग्नल अडवतात.

केबल ठोकताना खिळा केबलीतून नको, क्लिपमधून जाऊ दे. हे लिहावं लागतंय.

डक्टमधले ॲम्प्लिफायर उघडू नका. त्या मुख्य लाईनमधून त्यांना वीजही जाते.

सगळं करूनही आकडे सुधारले नाहीत तर घरातले स्प्लिटर वगळून, बाहेरून येणारी केबल थेट मोडेमला लावा आणि दहा मिनिटांनी पानाचा फोटो काढा. तरीही अपस्ट्रीम ५० च्या वर असेल तर दोष घराबाहेरचा, टॅप किंवा त्यामागच्या लाईनचा. तक्रार करताना तो फोटो पाठवा आणि मोडेम बदलून द्यायला आलेल्या माणसाला आधी टॅप दाखवा.