प्रवासात किंवा व्हीपीएनमुळे लॉगिन अडकलं तर काय करायचं

पासवर्ड बरोबर आहे तरी मेल उघडत नाही, "संशयास्पद लॉगिन" असं येतंय, तर आधी हात थांबवा. पुन्हा पुन्हा पासवर्ड टाकला की सिस्टीमचा संशय अजून वाढतो आणि काही तासांसाठी लॉक लागू शकतं.

होतं काय ते बघा. समजा तुम्ही सिंगापूरला उतरलात, फोनवर मेल चालू आहे, तो तिथल्या वायफायवर. मग लॅपटॉप उघडला, त्यात व्हीपीएन फ्रँकफर्टवर लावलेलं, म्हणजे इंटरनेटला तुम्ही जर्मनीत बसलेले दिसता. दहा मिनिटांत एकच माणूस सिंगापूरलाही आणि जर्मनीतही, हे शक्यच नाही ना, म्हणून सिस्टीम अडवते. त्यात व्हीपीएनचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, शेकडो लोक वापरत असतात, त्यातल्या कुणी उद्योग केले असतील तर तो आधीच बदनाम असतो.

आता व्हीपीएन बंद करा, ॲप आणि ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन दोन्ही, कारण एक्स्टेन्शन हमखास विसरलं जातं. मग सर्चमध्ये `what is my ip` टाकून एखाद्या साइटवर देश बघा, अजून जर्मनीच दिसत असेल तर काहीतरी चालू राहिलंय.

मग ज्या ब्राउझरमधून नेहमी लॉगिन करता तोच उघडा. इनकॉग्निटो नको, कुकीज तर अजिबात साफ करू नका, त्या कुकीवरूनच तर सिस्टीम तुमचं मशीन ओळखते! आता एकदाच प्रयत्न करा. फोनवर "हे तुम्हीच का" असं विचारलं तर वेळ आणि ठिकाण बघून, तुम्ही आत्ताच लॉगिन करत असाल तरच हो म्हणा. ठिकाण थोडं इकडंतिकडं दिसू शकतं, पण तुम्ही काहीच केलं नसताना असं आलं तर सरळ नाही.

तरीही अडलं तर माझा आवडता उपाय म्हणजे आपल्या नेहमीच्या सिमचं रोमिंग डेटा चालू करून लॅपटॉपला हॉटस्पॉट द्यायचा. रोमिंगचं इंटरनेट बहुतेक वेळा आपल्याच देशातल्या कंपनीमार्फत फिरून जातं, त्यामुळे आयपी मायदेशाचा दिसतो. प्रवासासाठी घेतलेल्या ई-सिमचं तसं नाही हं, ते कधीकधी तिसऱ्याच देशातून बाहेर पडतं. रोमिंगचे पैसे लागतात, म्हणून लॉगिन झालं की लगेच बंद करा.

घाबरून पासवर्ड रीसेट करू नका. बऱ्याच ठिकाणी रीसेट केलं की बाकीची उपकरणं लॉगआउट होतात, म्हणजे चालू असलेला फोनही हातचा जातो. फोन चालू असेल तर त्यातूनच सिक्युरिटी सेटिंगमध्ये जाऊन बॅकअप कोड मिळतात का बघा. ते कोड कागदावर लिहून घ्या, कारण परदेशात ओटीपीचा एसएमएस आलाच नाही तर तेच कामाला येतात.