‘८० टक्के कन्व्हर्जन’ ऐकून इंटर्नशिप घेताय? या चुका टाळा

इंजिनिअरिंगच्या आठव्या सेमिस्टरची सहा महिन्यांची इंटर्नशिप, जानेवारी ते जून. दर वर्षी तीच मुलं, तेच प्रश्न आणि जूनमध्ये तीच रडारड. चुका मोजक्याच आहेत, पण दोन अशा आहेत की त्यांच्यावर जरा सविस्तर बोलावं लागेल.

टक्का विचारता, छेद विचारत नाही

कन्व्हर्जन म्हणजे इंटर्नला त्याच कंपनीत कायम नोकरी मिळणं. कंपनीचा एचआर सेमिनार हॉलमध्ये ‘आमचं कन्व्हर्जन ८० टक्के’ म्हणतो आणि पोरं खूश होतात. ८० टक्के कशाचे, हे कुणीच विचारत नाही.

एक नमुना हिशोब बघा. जानेवारीत ४० जण रुजू झाले. मार्चअखेर १५ जणांना ‘परफॉर्मन्स’चं कारण देऊन घरी पाठवलं. आणखी १० जण कंटाळून किंवा दुसरीकडे काही मिळालं म्हणून गेले. जूनपर्यंत १५ उरले, त्यातल्या १२ जणांना पीपीओ, म्हणजे इंटर्नशिपनंतरच्या नोकरीचा प्रस्ताव मिळाला. १५ पैकी १२ म्हणजे झाले ८० टक्के. एचआर खोटं बोललेला नाही. पण तुम्ही जानेवारीत आत जाणार आहात, म्हणजे तुमचा छेद ४० आहे. १२ भागिले ४०, म्हणजे ३० टक्के. पुढे त्या १२ पैकी पाच जणांची जॉइनिंग ‘प्रोजेक्ट आला की कळवू’ म्हणत लांबली आणि जुलैत पगारपत्रकावर सातच आले. खरा आकडा १७.५ टक्के.

म्हणून टक्का विचारूच नका. चार आकडे विचारा: मागच्या जानेवारीच्या बॅचला किती जण आले, मधेच किती गेले, किती जणांना ऑफर लेटर मिळालं आणि किती जण प्रत्यक्ष रुजू झाले. हे ईमेलवर विचारायचं, फोनवर नाही. चांगल्या कंपनीला हे आकडे तोंडपाठ असतात. ‘इट डिपेंड्स ऑन युअर परफॉर्मन्स’ असं उत्तर आलं तर आकडा सांगण्यासारखा नाही, असं मी धरतो.

मग पडताळणी. लिंक्डइनवर कंपनीच्या पानावर People मध्ये जाऊन intern शोधा आणि मागच्या बॅचची दहा-पंधरा नावं काढा. इंटर्नशिपनंतर त्याच कंपनीत पुढचं पद किती जणांच्या प्रोफाइलवर दिसतं ते मोजा. यात एक मेख आहे. ज्यांना घेतलं नाही, त्यातले बरेच जण ती इंटर्नशिप प्रोफाइलवरून काढूनच टाकतात, त्यामुळे हा आकडाही फुगलेला येतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे. सहा महिने देणाऱ्यांना तेवढा वेळ नसतो, हे मला कधीच कळलेलं नाही.

दुसरी तपासणी ईपीएफओच्या संकेतस्थळावर होते, फुकट आणि लॉगिनशिवाय. `Establishment Search` मध्ये कंपनीचं नोंदणीकृत नाव टाका (ब्रँडचं नाही, ऑफर लेटरच्या तळाशी असतं ते), मग `View Details` आणि त्यातून `View Payment Details`. कोणत्या महिन्याचा पीएफ किती कर्मचाऱ्यांसाठी भरला, ते तिथे महिन्यागणिक दिसतं. शुद्ध इंटर्नचा पीएफ सहसा भरला जात नाही, म्हणून कायम केल्यावरच आकडा वाढायला हवा. कंपनी म्हणते ‘गेल्या जुलैत ३० फ्रेशर घेतले’ आणि मे ते सप्टेंबर आकडा ११२, १११, ११५, ११६, ११४ असा असेल, तर बाकीचे कुठे आहेत ते विचारा. अर्थात, सोडून जाणाऱ्यांमुळे वाढ झाकली जाऊ शकते. काही कंपन्या फ्रेशरना दुसऱ्या एजन्सीच्या पगारपत्रकावर ठेवतात. वीसपेक्षा कमी माणसांच्या कंपनीला पीएफ सहसा सक्तीचा नसल्याने ती इथे सापडेलच असं नाही. म्हणजे हा अंतिम पुरावा नाही. पण ४० इंटर्न घेणाऱ्या कंपनीचं पगारपत्रकच १५ जणांचं निघालं, तर तिथे इंटर्नच कामगार आहेत आणि दर सहा महिन्यांनी नवे येतात, एवढं उघड आहे.

स्टायपेंडचा मोठा आकडा बघून धावणं

सोलापूरच्या मुलीला पुण्यात १५,००० आणि गावातच ८,००० असे दोन पर्याय आहेत असं धरू. पुण्यातल्या कंपनीने १० टक्के टीडीएस कापला तर हातात १३,५०० येतात. पीजी ८,०००, मेस ३,५००, बस आणि किरकोळ १,५०० गेले की उरले ५००. घरून ये-जा करणाऱ्या मुलीला हजारभर खर्च जाऊन ७,००० उरतात. कापलेला टीडीएस फॉर्म 26AS मध्ये दिसतो आणि रिटर्न भरलं की परत मिळतो. तोही बहुतेक जण सोडून देतात.

तरीही पुण्याचं घ्यावं का? घ्यावं, नोकरीची शक्यता खरी असेल तर. त्यासाठी मी स्टायपेंडची तुलना घरभाड्याशी नाही, तिथल्या फ्रेशरच्या पगाराशी करतो. फ्रेशरला ३०,००० देणारी कंपनी इंटर्नला १५,००० देत असेल, तर ती माणूस पारखण्यावर पैसे घालते आहे. तेच काम ५,००० मध्ये करून घेत असेल, तर तुम्हाला कायम केल्यावर तिचा खर्च सहापट होतो आणि दारात नवी बॅच उभीच असते. ती तुम्हाला का घेईल?

आणि पीपीओचा ‘सहा लाख’ आकडा फोडून बघा. त्यात दोन वर्षांनी मिळणारा एक लाखाचा रिटेन्शन बोनस, ६०,००० व्हेरिएबल, कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी आणि विम्याचे २०,००० धरलेले असतील, तर उरतात ३,९८,४००. महिन्याला ३३,२००. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ३१,२००. ‘महिना पन्नास हजार’ असं घरी सांगून मोकळं झालेल्यांनी हे आधी करायचं होतं.

जूनपर्यंत वाट बघणं

‘काम चांगलं केलं की घेतीलच’ हा नवख्यांचा आवडता समज. जागा मंजूर नसेल तर मॅनेजरलाही काही करता येत नाही. दहाव्या आठवड्याच्या सुमारास थेट मॅनेजरला विचारा, ‘सर, आपल्या टीममध्ये जुलैसाठी फ्रेशरची जागा मंजूर आहे का?’ ‘प्रयत्न चालू आहे’ म्हणजे नाही असं समजून बाहेर अर्ज सुरू करा.

बाकीच्या, थोडक्यात

इंटर्नशिप स्वीकारली की अनेक कॉलेजं मुलाला प्लेसमेंटमधून बाहेर काढतात. तुमच्या टीपीओचा, म्हणजे कॉलेजच्या प्लेसमेंट अधिकाऱ्याचा नियम लेखी घ्या, सही नंतर.

ट्रेनिंग फी किंवा डिपॉझिट मागणारी इंटर्नशिप नसते, तो क्लास असतो.

मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्याकडे जाऊ नका.

मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेचं विद्यावेतन सरकार देतं. २०२४ मध्ये योजना आली तेव्हा पदवीधरांसाठी ते महिना १०,००० होतं. आस्थापनेने कायम करावं असं बंधन त्यात नाही. अनुभवासाठी जरूर जा, पण तिथे कन्व्हर्जनचा टक्का शोधत बसू नका.