दिवाळीचा माल भरण्याआधी: मिठाई दुकानदारासाठी हंगामी निर्देशांकाच्या तयारीची यादी

आषाढ संपला की मिठाईच्या दुकानाने दिवाळीचे आकडे मांडायला बसावे. यंदा आषाढी अमावस्या १२ ऑगस्ट २०२६ रोजी आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, त्यामुळे हाताशी जवळपास तीन महिने आहेत. काजूचा सौदा आणि खोक्यांची छपाई यांना एवढा वेळ लागतोच. सणाच्या आठवड्यातली विक्री साध्या आठवड्याच्या विक्रीच्या किती टक्के असते, तो आकडा म्हणजे हंगामी निर्देशांक. पुढील तयारी एका मध्यम आकाराच्या, स्वतःची भट्टी असलेल्या दुकानासाठी आणि काजू कतली या एकाच पदार्थासाठी मांडली आहे. विक्रीचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ते पुसून आपल्या वहीतले भरावेत.

पहिली गोष्ट म्हणजे मागील तीन वर्षांची रोजची विक्री किलोमध्ये काढून ठेवावी, रुपयांत नव्हे. रुपयांच्या आकड्यात भाववाढ मिसळलेली असते आणि ती मागणी वाढल्यासारखी दिसते. भेटवस्तूंच्या बाबतीत तर २०२५चे रुपये आधीच्या वर्षांशी जुळतच नाहीत, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून चॉकलेटवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून आणि बदाम-पिस्त्यांवरील १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर मिठाईचा दर ५ टक्केच राहिला. गिफ्ट बॉक्स म्हणूनच नगांत मोजावेत. याच वेळी कंपन्यांच्या आणि लग्नाच्या मोठ्या ऑर्डरी वेगळ्या काढाव्यात. दोन-चार गिऱ्हाइकांच्या मर्जीवर चालणाऱ्या विक्रीला निर्देशांक लावण्यात अर्थ नसतो. त्यांच्यासाठी फोन करून ऑर्डरींची यादी करणे हाच खात्रीचा मार्ग आहे. निर्देशांक फक्त काउंटरवरच्या किरकोळ विक्रीचा काढावा.

दुसरी तयारी तारखांची आहे आणि बहुतेकांचा हिशेब इथेच बिघडतो. पाठ्यपुस्तकी पद्धतीत जानेवारी ते डिसेंबर अशा बारा महिन्यांचे निर्देशांक काढतात. महाराष्ट्रातील पंचांगांनुसार लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला होते. २०२३चा दिवाळीचा जोर त्यामुळे नोव्हेंबरच्या रकान्यात पडला, २०२५चा ऑक्टोबरच्या, आणि २०२४ मध्ये तर सण नोव्हेंबरात असूनही त्याआधीची जवळजवळ सगळी खरेदी ऑक्टोबरात झाली. या तीन वर्षांची महिनावार सरासरी काढली की एका उंच शिखराच्या जागी दोन बुटक्या टेकड्या उरतात, आणि त्या भरवशावर चालणारा दुकानदार यंदा ऑक्टोबरात माल भरून बसेल व नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याला माल कमी पडेल. २०२५च्या लक्ष्मीपूजनापासून २०२६च्या लक्ष्मीपूजनापर्यंत अधिक महिन्यामुळे ३८३ दिवस जातात, त्यामुळे गेल्या वर्षीची तारीख धरून चालणेही उपयोगाचे नाही.

म्हणून प्रत्येक वर्षाची विक्री लक्ष्मीपूजनापासून मागे मोजत सात-सात दिवसांच्या गटांत लावावी. लक्ष्मीपूजनाचा दिवस धरून संपणारे सात दिवस हा पहिला आठवडा, त्याआधीचे सात हा दुसरा, आणि असेच पुढे. एक्सेलमध्ये त्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाची तारीख F1 मध्ये आणि विक्रीची तारीख A2 मध्ये असेल, तर आठवड्याचा क्रमांक पुढील सूत्राने मिळतो. लक्ष्मीपूजनानंतरच्या सात दिवसांना ते शून्य देते.

```
=INT(($F$1-A2)/7)+1
```

या मांडणीत दसराही आपोआप जागेवर बसतो, कारण तो लक्ष्मीपूजनाच्या एकोणीस-वीस दिवस आधी, म्हणजे तिसऱ्या आठवड्यात येतो. २०२४ मध्ये मात्र तो बरोबर वीस दिवस आधी, तिसऱ्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी होता. त्यामुळे आदल्या संध्याकाळची खरेदी चौथ्या आठवड्यात गेली आणि तिसऱ्याचा आकडा उगाच लहान दिसतो. त्या वर्षापुढे तशी टीप लिहून ठेवावी. ज्यांचे बरेच गिऱ्हाईक गुजराती किंवा उत्तर भारतीय आहे, त्यांनी २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षांसाठी आणखी एक टीप करावी, कारण अनेकांनी लक्ष्मीपूजन एक दिवस आधी केले होते आणि खरेदी दोन दिवसांत विभागली गेली.

तिसरी तयारी पायाभूत आठवड्याची, म्हणजे ज्याच्याशी सणाचा आठवडा ताडून पाहायचा त्या साध्या आठवड्याची. वर्षभराची सरासरी यासाठी घेऊ नये, कारण तिच्यात दिवाळीच मिसळलेली असते. संक्रांतीनंतरचे चार आणि आषाढातले चार अशा आठ साध्या आठवड्यांची सरासरी काजू कतलीसाठी पुरेशी स्थिर असते. दहावी-बारावीच्या निकालाचे आठवडे टाळावेत, आणि हीच कृती अनारशांसाठी करणाऱ्याने अधिक महिना कटाक्षाने वगळावा. १७ मे ते १५ जून २०२६ या धोंड्याच्या महिन्यात जावयांच्या वाणासाठी अनारशांना जी मागणी येते, ती पायाभूत आठवड्याच्या सरासरीत शिरली तर दिवाळीचा निर्देशांक फसवा लहान येतो.

आता प्रत्यक्ष हिशेब. आपल्या दुकानाचा साधा आठवडा २०२३ मध्ये ४० किलो, २०२४ मध्ये ४४ आणि २०२५ मध्ये ५० किलोंचा होता असे समजू. लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात अनुक्रमे २४८, २८६ आणि २९० किलो कतली विकली गेली. प्रत्येक आकड्याला त्या त्या वर्षाच्या पायाने भागून १०० ने गुणले की ६२०, ६५० आणि ५८० असे निर्देशांक येतात. दुकानाची वाढ यात भागाकाराने बाजूला होते आणि फक्त सणाचा जोर उरतो.

यातला ५८० संशयास्पद आहे आणि तो तसाच सरासरीत घालू नये. पाया वाढलेला असताना जोर अचानक घटला, तर आधी बिलांच्या वेळा पाहाव्यात. २०२५च्या लक्ष्मीपूजनाला कतलीचे शेवटचे बिल दुपारी चारला फाटले असेल आणि आधीच्या दोन वर्षी ती रात्री नऊपर्यंत विकली जात असेल, तर मागणी घटली नव्हती, परात रिकामी झाली होती. आधीच्या वर्षांत त्या दिवशी चारनंतर जेवढा वाटा विकला गेला, त्यावरून हुकलेली विक्री ३० किलो निघते असे धरू. मग २०२५चा आकडा ३२० आणि निर्देशांक ६४० होतो, आणि तीन वर्षांची सरासरी ६३७ येते. ही दुरुस्ती केली नाही, तर एका वर्षी कमी पडलेला माल पुढच्या वर्षीही कमीच भरला जातो आणि हिशेब मात्र बरोबर असल्याचा भास होत राहतो.

दुसऱ्या आठवड्याचे निर्देशांक २३०, २५० आणि २७० असून सरासरी २५० येते. तिसऱ्याचे, वरील टीप लक्षात घेऊन, १२५ धरू. लक्ष्मीपूजनानंतरचे दिवस आठवड्यात न मोजता भाऊबीजेपर्यंतचा एक गट म्हणून मोजावेत, कारण ते अंतर बदलते. २०२४ आणि २०२५ मध्ये भाऊबीज दोन दिवसांनी होती, तर २०२३ मध्ये तीन दिवसांनी, आणि यंदाही ती तीन दिवसांनीच, ११ नोव्हेंबरला आहे. इथे सरासरीपेक्षा २०२३चा १७० हा निर्देशांकच वापरावा.

यंदाचा साधा आठवडा ५४ किलोंचा निघाला, तर तिसऱ्या आठवड्यासाठी ६८, दुसऱ्यासाठी १३५, पहिल्यासाठी ३४४ आणि भाऊबीजेपर्यंत ९२, अशी एकूण ६३९ किलो कतली लागेल. या आकड्यावर किती विसंबायचे हे ठरवण्यासाठी उलट तपासणी करावी: फक्त २०२३ आणि २०२४चे निर्देशांक घेऊन २०२५चा अंदाज काढावा आणि तो खऱ्या विक्रीशी ताडावा. दुसऱ्या आठवड्यासाठी असा अंदाज १२० किलो येतो आणि प्रत्यक्षात १३५ विकली गेली होती, म्हणजे चूक एक अष्टमांश. राखीव मालाचे प्रमाण या चुकीवरून ठरवावे. सवयीने दहा टक्के लावू नयेत.

ही राखीव मात्र सगळ्या मालाला सारखी लावणे चूक ठरेल. एक किलो कतलीला ६०० ग्रॅम काजू धरले, तर ६३९ किलोंसाठी साधारण ३८३ किलो काजू लागतात. त्यात एक अष्टमांश मिळवला की ४३१ किलो, म्हणजे दहा किलोंचे ४४ डबे होतात. वरचे ४८ किलो उरले तरी बिघडत नाही, कारण साध्या आठवड्यालाच ३२ किलो काजू लागतात आणि दीड आठवड्यात तो साठा संपतो. ‘शुभ दीपावली’ छापलेली खोकी मात्र उरली तर वर्षभर जागा अडवतात. ती अंदाजाइतकीच, किंवा थोडी कमीच छापून घ्यावीत आणि राखीव साध्या, बिनछापील खोक्यांत ठेवावी.

शेवटची तयारी भट्टीची. तयार कतली महिनाभर आधी साठवता येत नाही, आणि सुट्या मिठाईच्या परातीसमोर ‘या तारखेपूर्वी वापरावी’ अशी तारीख लावणे ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे; त्यामुळे किती कतली किती दिवस आधी करायची हे मोजूनच ठरवावे लागते. समजा भट्टीची ताकद दिवसाला ४० किलो आहे. २०२३ मध्येही लक्ष्मीपूजन यंदासारखेच रविवारी होते, म्हणून आठवड्यातील वाटणी त्या वर्षाची घ्यावी. शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत ६० टक्के विक्री झाली असेल, तर यंदा त्या तीन दिवसांत २०६ किलो लागतील आणि भट्टीतून १२० निघतील. उरलेले ८६ किलो ५ नोव्हेंबरच्या रात्री तयार असायला हवेत. सोमवार ते गुरुवार १३८ किलो विकून १६० तयार झाले, तर त्यातून फक्त २२ शिल्लक राहतात. बाकीचे ६४ किलो त्याआधीच्या शुक्रवार-शनिवार-रविवारी, दुसऱ्या आठवड्याची मागणी भागवून भट्टीत जी जागा उरते तिच्यात करून घ्यावेत आणि सोमवारी-मंगळवारी हाच जुना माल आधी विकायला काढावा. कंपन्यांच्या ऑर्डरी शुक्रवारी कचेऱ्या बंद होण्याआधी पोहोचवायच्या असल्याने त्यांचे वजन याच दिवसांवर येते. फोनवर केलेल्या यादीतील किलो इथे मिळवावेत, आणि एखाद्या दिवसाची बेरीज ४० किलोंच्या पुढे गेली तर जादा कारागिराला सप्टेंबरातच शब्द देऊन ठेवावा.