पत्त्यांची एक सोपी जादू: पाहुण्याचा पत्ता आपणच ठरवणे

या जादूसाठी हातचलाखी लागत नाही. पाहुण्याला वाटते की त्याने मनाप्रमाणे कॅट कापून पत्ता निवडला. प्रत्यक्षात तो पत्ता आपण आधीच ठरवलेला असतो. जादूगार याला ‘फोर्स’ म्हणतात.

समजा, समोर मामा बसले आहेत. कॅट त्यांनाच पिसायला द्यावा. नंतर जोकर काढण्याच्या निमित्ताने पत्त्यांचे तोंड आपल्याकडे करून ते पसरावेत आणि कॅटचा सर्वांत वरचा, म्हणजे पसरलेल्या पत्त्यांत सर्वांत मागे असलेला पत्ता पाहून घ्यावा. तो बदामाची सत्ती आहे असे धरू. जोकर काढल्यावर कॅट पालथा करून टेबलावर ठेवावा, चिठ्ठीवर ‘बदाम सत्ती’ लिहावे आणि घडी घालून ती मामांसमोर ठेवावी.

आता मामांना सांगावे, “हवे तितके पत्ते उचला आणि बाजूला ठेवा.” त्यांनी उचललेल्या गठ्ठ्यावर सत्ती आहे. उरलेला खालचा गठ्ठा आपण उचलून “कुठे कापलेत याची खूण ठेवू” असे म्हणत त्यावर आडवा ठेवावा. सत्ती आता दोन गठ्ठ्यांच्या मधोमध, खालच्या गठ्ठ्याच्या माथ्यावर आहे.

खरी जादू पुढच्या वीस-तीस सेकंदांत घडते. लगेच वरचा गठ्ठा उचलला, तर कोणता गठ्ठा कुठला हे मामांना स्पष्ट आठवत असते आणि गुपित फुटते. म्हणून त्यांचे लक्ष पत्त्यांवरून हटवावे लागते. चिठ्ठी त्यांच्या हातात द्यावी, मूठ घट्ट मिटायला सांगावी आणि त्यांच्या डोळ्यांत पाहून विचारावे, “चिठ्ठी लिहून झाल्यावरच तुम्ही कापलेत ना? किती पत्ते उचलायचे, हे तुम्हीच ठरवलेत ना?” दोन्ही प्रश्न खरे असल्यामुळे मामा निःशंक ‘हो’ म्हणतात, आणि उत्तर देताना माणूस सहसा विचारणाऱ्याकडे पाहतो. या वेळी आपण मात्र पत्त्यांकडे अजिबात पाहू नये, कारण आपली नजर जिथे जाते तिथेच त्यांचीही जाते. मामांची नजर टेबलावरच खिळलेली दिसली, तर घाई न करता आणखी एखादा प्रश्न विचारावा.

मग वरचा गठ्ठा स्वतः उचलावा. मामांना उचलू दिला तर ते कदाचित त्याच्याच तळाचा पत्ता पाहतील. खालच्या गठ्ठ्यावरील पत्त्याकडे बोट दाखवून सहज म्हणावे, “तुम्ही कापलेत तो हा पत्ता.” या वाक्यावर जोर देऊ नये, जोर दिला की शंका येते. पत्ता त्यांनाच उलटायला सांगावा, आणि ते मूठ उघडून चिठ्ठी वाचत असताना दोन्ही गठ्ठे एकत्र करून कॅट पिसून टाकावा. लगेच पुन्हा करण्याचा आग्रह झाला तरी तो मानू नये, कारण दुसऱ्या वेळी मामा प्रश्नांकडे लक्ष न देता गठ्ठ्यांवरच नजर ठेवतील.